कान मळाने बंद झाला असेल तर घरी काय करावे, आणि बड व इअर कँडल का नको

प्रश्न: आठवड्यापूर्वी आंघोळ करताना उजव्या कानात पाणी गेलं आणि तेव्हापासून कान बंद झाल्यासारखा वाटतोय. दुखत नाही. बडने मळ काढायचा प्रयत्न केला, थोडा आलाही, पण कान आणखीच बंद झाला. मैत्रिणीने इअर कँडल लावायला सांगितली आहे. डॉक्टरकडे न जाता घरी सुरक्षितपणे काय करता येईल?

उत्तर:

इअर कँडल लावू नका आणि बड आजच बाजूला ठेवा. मऊ करणारे थेंब नीट पद्धतीने पाच दिवस घातले तर असा कान अनेकदा घरीच मोकळा होतो. पण पहिला थेंब घालण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी लागते. पहिली म्हणजे कान खरंच मळानेच बंद झाला आहे ना, आणि दुसरी म्हणजे तुमच्या कानाचा पडदा शाबूत आहे ना.

आधी पहिल्या गोष्टीबद्दल, कारण इथे झालेला उशीर भरून येत नाही. अचानक एका कानाने ऐकू येईनासं होतं तेव्हा कधी कधी दोष आतल्या कानाच्या नसेत असतो. त्यातही दुखत नाही, कान फक्त भरल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस मळच असेल असं समजून आठवडाभर तेल घालत राहतो. त्या आजाराला स्टिरॉइडचा उपचार लागतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका उपयोगी पडतो. दोन आठवडे उलटले की त्याचा फायदा बराच कमी होतो. घरी करता येण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. तोंड मिटून खालच्या स्वरात ‘हंऽऽ’ असा आवाज काढा आणि तो कोणत्या कानात जास्त घुमतो ते पाहा. मळाने नळी बंद असेल तर तो बंद कानातच मोठा ऐकू येतो, कारण हाडातून आतल्या कानापर्यंत गेलेला आवाज बाहेरच्या गोंगाटाखाली झाकला जात नाही. चांगल्या कानात बोट घालून हुंकार काढलात तरी हाच अनुभव येईल. याउलट, हुंकार चांगल्या कानात मोठा वाटत असेल, किंवा कान बंद होताना चक्कर आली असेल, मोठा शिट्टीसारखा आवाज नव्याने सुरू झाला असेल, तर थेंबांच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. हुंकारावरून काहीच ठरवता येत नसेल तरीही कान तपासून घेणंच बरं.

तुमच्या बाबतीत पाणी गेल्यावर कान बंद झाला, हे मात्र मळाचं अगदी नेहमीचं लक्षण आहे. नळीत मळ आधीपासूनच असतो, पण बाजूने थोडी फट शिल्लक असते. ऐकू यायला एवढीशी फटही पुरते, त्यामुळे नळी बरीचशी भरलेली असूनही काही कळत नाही. पाणी गेलं की मळ फुगतो, उरलेली फट बुजते आणि माणसाला वाटतं की कान आत्ताच बंद झाला.

दुसरी गोष्ट पडद्याची. कानातून पू किंवा पाणी येत असेल, दुखत असेल, ताप असेल, पूर्वी पडद्याला भोक पडलेलं असेल, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पडद्यात बारीक नळी बसवलेली असेल, तर घरी काहीही घालायचं नाही. बडने साफ करताना एकदम कळ आली असेल किंवा रक्त लागलं असेल तरी नाही. मधुमेह असणाऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी कानात पाणी मारू नये, कारण ओलसर, ओरखडलेल्या नळीत त्यांना होणारा जंतुसंसर्ग कधी कधी हाडापर्यंत उतरतो. एकाच कानाने ऐकू येत असेल आणि नेमका तोच बंद झाला असेल, तर त्यावर घरी प्रयोग करू नयेत.

आता बडबद्दल. तुम्ही बड वापरलात, थोडा मळ आला आणि कान जास्त बंद झाला, याचं कारण नळीच्या रचनेत आहे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, किंचित वळलेली असते. तिचा बाहेरचा सुमारे एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक असतो. त्याच्या कातडीत केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही तिथेच असतात. आतला उरलेला भाग हाडाचा. तिथली कातडी अतिशय पातळ आणि थेट हाडाला चिकटलेली असते. तिच्यात ग्रंथी नसतात, म्हणजेच तिथे मळ तयारच होत नाही. त्यामुळे दुर्बिणीतून पाहताना पडद्याजवळ मळाचा घट्ट गोळा दिसला, तर बहुतेक वेळा कुणीतरी तो तिथवर ढकललेला असतो.

कान स्वतःला साफ ठेवतो आणि त्याची पद्धत विलक्षण आहे. शरीराच्या इतर भागांवरची कातडी झिजून जागीच गळते. कानात मात्र पडद्याच्या मध्यापासून कातडीचा वरचा थर हळूहळू कडेला आणि मग नळीतून बाहेरच्या दिशेने सरकत येतो. त्याचा वेग साधारण नखं वाढण्याच्या वेगाइतका, म्हणजे दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. त्या सरकत्या कातडीवर बसून मळ बाहेर येतो आणि बोलताना, चावताना जबड्याच्या हालचालीने सुटून पडतो. बडचं टोक नळीत बऱ्यापैकी घट्ट बसतं. त्याच्या कडेला चिकटलेला थोडासा मळ बाहेर येतो, तोच आपल्याला दिसतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. टोकासमोरचा मळ मात्र हाडाच्या भागात दाबला जातो. बडने वारंवार दाबलेल्या मळाचं बाहेरचं तोंड बऱ्याचदा सपाट झालेलं असतं, अगदी ठोकून बसवल्यासारखं. एकदा नळी अशी भरली की मागून येणाऱ्या कातडीला वाट राहत नाही आणि ती थरांवर थर देत त्याच गोळ्यात अडकत जाते. जुना गोळा इतका चिवट असतो तो यामुळेच, कारण त्यात चरबीपेक्षा मेलेली कातडीच जास्त असते.

खाजेचंही यातच येतं. मळ किंचित आम्लधर्मी आणि तेलकट असतो, पाणी आणि जंतू दोन्ही दूर ठेवतो. बडने तो पुसून काढला की कातडी कोरडी पडते, खाजते, म्हणून पुन्हा बड घातला जातो, ओरखडे पडतात आणि त्यातून नळीला संसर्ग होतो. कानाची पाळी ओढल्यावर किंवा कानासमोरचा उंचवटा दाबल्यावर दुखू लागलं, तर तो झालाच असं समजा. पडदा फाटणं आणि पडद्यामागच्या हाडांच्या साखळीला धक्का बसणं हे त्या मानाने कमी वेळा घडतं, पण जेव्हा घडतं तेव्हा बरेचदा कारण एकच असतं. बड कानात असताना कुणाचा तरी कोपराला धक्का लागतो. हेअरपिन, किल्ली, आगपेटीची काडी यांचं वेगळं सांगत नाही. बाहेरचा कानाचा पाळा आणि नळीचं तोंड ओल्या कापडात गुंडाळलेल्या बोटाने पुसा, त्यापुढे काही घालू नका.

इअर कँडल म्हणजे मेणात बुडवलेल्या कापडाची पोकळ सुरळी. तिचं एक टोक कानात ठेवायचं, दुसरं पेटवायचं, आणि गरम हवा वर जाताना निर्माण होणाऱ्या ओढीने मळ वर खेचला जातो असा दावा असतो. १९९६ साली ‘लॅरिंगोस्कोप’ या वैद्यकीय नियतकालिकात हा दावा तपासून पाहिलेला अभ्यास आला. कानाच्या नळीच्या प्रतिकृतीवर दाब मोजला, तर ओढ निर्माणच होत नव्हती. प्रत्यक्ष आठ कानांवर मेणबत्ती लावून पाहिली, तेव्हा एकाही कानातून मळ निघाला नाही. काही कानांत उलट मेणबत्तीचं मेण जाऊन बसलं. त्याच अभ्यासात १२२ कानतज्ज्ञांना विचारणा केली, तेव्हा अशा मेणबत्तीने झालेल्या २१ इजा पुढे आल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०१० मध्ये लोकांना यापासून सावध केलं आणि ती विकणाऱ्यांना इशारापत्रं पाठवली.

थोडा विचार केला तर हे असंच होणार हे लक्षात येतं. नळीच्या भिंतीला चिकटलेला चिवट गोळा ओढून काढायला जोरदार ओढ लागते, आणि पेटत्या सुरळीतून वर जाणाऱ्या हवेत तेवढी ताकद नसते. समजा असती, तर त्या ओढीने आधी पडद्याला इजा झाली असती. तरीही लोकांचा विश्वास बसतो, कारण जळून उरलेला तुकडा उलगडला की आत तपकिरी, भुकटीसारखा, अगदी मळासारखा दिसणारा पदार्थ सापडतो. तो जळकं मेण आणि कापडाची राख असते. हीच मेणबत्ती कुणाच्याही कानात न ठेवता रिकाम्या भांड्यावर धरून जाळली तरी तोच पदार्थ मिळतो. शिवाय आडव्या झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर ज्योत असते. वितळलेलं मेण पडद्यावर सांडलं तर पडदा भाजतो, आणि थंड होऊन घट्ट झालेलं ते मेण काढणं मळ काढण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.

मग कानात घालायचं काय? या बाबतीत लोकांचे ठाम पक्ष असतात, पण पुरावा पाहिला तर एक थेंब दुसऱ्यापेक्षा निश्चित चांगला असं सिद्ध झालेलं नाही. साधं निर्जंतुक सलाईनसुद्धा तयार औषधांच्या जवळपास काम करतं. मी बहुतेकांना ऑलिव्ह तेल किंवा औषधी लिक्विड पॅराफिन सांगतो, कारण त्याने कातडी कोरडी पडत नाही. गोळा जुना आणि कडक असेल तर सोडियम बायकार्बोनेटचे तयार थेंब जास्त पसंत करतो. ते तेलासारखे नुसते मऊ करत नाहीत, तर कातडीचे थर फुगवून सुटे करतात. त्याने नळी कोरडी पडू शकते, म्हणून पाच दिवसांपुढे नको. हे द्रावण घरी अंदाजाने बनवू नका, तयार बाटली घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब फसफसतात आणि काम चालू आहे असं समाधान देतात, पण ओरखडलेल्या कानात ते चांगलेच झोंबतात. तुम्ही बड वापरला आहे, तेव्हा तुम्हाला ते सुचवणार नाही. बदामाचं तेल वापरणार असाल तर घरात कुणाला त्याची ॲलर्जी नाही ना, ते आधी पाहा.

थेंब शरीराच्या तापमानाला असले पाहिजेत, आणि ही बारीक गोष्ट वाटली तरी महत्त्वाची आहे. आतल्या कानातली तोल सांभाळणारी एक अर्धवर्तुळाकार नळी कानाच्या नळीच्या अगदी जवळून जाते. गार किंवा गरम द्रव आत गेला की तिच्यातला द्रव हलतो आणि खोली गरगर फिरते. बाटली काही मिनिटं मुठीत धरली की पुरे. तेल कढईत किंवा चमच्यात तापवू नका. बोटाला सोसणारं गरम तेलही पडद्याला पोळू शकतं.

बंद कान वर येईल असे कुशीवर झोपा. कानाचा पाळा हलक्या हाताने वर आणि मागे ओढा, म्हणजे नळीचं वळण सरळ होतं. चार-पाच थेंब नळीच्या तोंडाशी कडेकडेने सोडा, एकदम मधोमध नको, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकून थेंब वरच राहतात. मग कानासमोरचा उंचवटा दाबून सोडा, असं काही वेळा करा. खालची हवा वर येते आणि थेंब आत उतरतात. दहा मिनिटं तसेच पडून राहा. उठताना बाहेर ओघळलेलं पुसा, पण कानात कापसाचा बोळा कोंबू नका, तो सगळं औषध शोषून घेतो. हे दिवसातून तीन वेळा, पाच दिवस करा.

प्रत्यक्षात हे कसं घडतं, ते तुमच्यासारख्याच एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. पन्नाशीचे गृहस्थ, दिवसभर कानात इअरफोन घालून फोनवर बोलण्याचं काम, पोहून आल्यावर डावा कान बंद झाला. हुंकार डाव्या कानात मोठा येत होता. मी पाहिलं तेव्हा गडद तपकिरी गोळा हाडाच्या भागाच्या तोंडाशी घट्ट बसला होता आणि त्याचं तोंड सपाट होतं. पूर्वी कधी कान वाहिलेला नव्हता, शस्त्रक्रिया नव्हती. त्यांनी आधीच तीन दिवस तेल घातलं होतं, पण बसल्या बसल्या दोन थेंब टाकून मान तिरकी करायची आणि लगेच कामाला लागायचं. इतक्या वेळात तेल गोळ्यात मुरत नाही, वरून ओघळून जातं. त्यांना सोडियम बायकार्बोनेटचे थेंब दिले, झोपून दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि इअरफोन पूर्ण बंद करायला लावले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा घाबरून फोन आला की आता तर अजिबातच ऐकू येत नाही. हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवतो आणि तुम्हालाही सांगतो. मळ मऊ होताना फुगतो, त्यामुळे पहिले दोन दिवस कान जास्त बंद वाटतो. त्यात बिघडलेलं काही नसतं, औषध आत पोहोचल्याचीच ती खूण असते. फक्त दुखू लागलं, झोंबू लागलं किंवा चक्कर आली, तर थेंब थांबवायचे. चौथ्या दिवशी त्यांच्या उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग दिसले आणि कानात काहीतरी हलल्यासारखं वाटू लागलं. पाचव्या दिवशी दुपारी बराचसा मळ आपोआप बाहेर आला, पण कान पूर्ण मोकळा झाला नव्हता.

अशा वेळी, आणि पडदा शाबूत असल्याचं तपासलेलं असेल तरच, मोठ्या माणसाने रबरी फुग्याच्या पिचकारीने हलकेच पाणी मारायला हरकत नाही. पाणी उकळून पुन्हा कोमट केलेलं, साधारण ३७ अंशांचं घ्यायचं. ताठ बसून कानाखाली वाटी धरायची, पाळा वर आणि मागे ओढायचा, पिचकारीचं टोक नळीच्या फक्त तोंडाशी ठेवायचं आणि धार सरळ आत नाही तर वरच्या-मागच्या भिंतीकडे वळवायची. पाणी त्या भिंतीवरून गोळ्याच्या मागे जातं आणि त्याला मागून ढकलतं. धार मधोमध मारली तर गोळा आणखी आत बसतो, म्हणजे बडचंच काम पाण्याने केल्यासारखं होतं. टोकाभोवती पाणी परत यायला जागा हवी, म्हणून ते घट्ट बसवू नका. हाताने दाबायच्या मोठ्या धातूच्या पिचकाऱ्या आणि इंजेक्शनच्या सिरिंज वापरू नका. त्यांचा दाब हातात राहत नाही आणि याच कारणाने दवाखान्यांतही त्या मागे पडल्या आहेत. दोन-तीन वेळा दाबून काही आलं नाही तर थांबायचं. या गृहस्थांच्या कानातून दुसऱ्याच धारेला हरभऱ्याएवढा तुकडा आला आणि आवाज एकदम परतला. नंतर त्यांनी मान त्या बाजूला कलती करून पाणी निथळू दिलं आणि हेअरड्रायर हातभर लांब धरून, सगळ्यात कमी उष्णतेवर, कान वाळवला. ओला कान तसाच ठेवला तर दोन दिवसांत संसर्ग होण्याची शक्यता वाढते.

तुमच्या कानाला बड नुकताच लागलेला आहे आणि पडदा कुणी पाहिलेला नाही, म्हणून पाण्याची पायरी तुम्ही घरी करू नका. वर सांगितलेल्यापैकी काहीच लागू नसेल तर ऑलिव्ह तेलाचे थेंब सुरू करा. पाच दिवसांनी थेंब बंद करून आणखी आठवडाभर थांबलात तरी चालेल, सैल झालेला मळ त्या काळात स्वतःहून सरकत येतो. कान मोकळा झाल्यावर दोन-तीन दिवस आवाज कर्कश वाटतात आणि थोडी खाज सुटते, ती तशीच सोडून द्या. लहान मुलांना हे काही करू नका. त्यांची नळी छोटी असते आणि कान बंद होण्याचं कारण बहुधा पडद्यामागे साचलेला द्रव असतो.

एवढं करूनही कान बंद राहिला, तर थेंबांची दुसरी बाटली आणू नका. तज्ज्ञ दुर्बिणीखाली बारीक नळीने मळ शोषून काढतात. त्याला काही मिनिटं लागतात, आवाज मोठा येतो, पण आधी मऊ केलेला मळ असेल तर त्रास फारसा होत नाही. तुम्ही घातलेले थेंब वाया गेले असं समजू नका. जाताना कोणते थेंब किती दिवस घातले आणि बडने नेमकं काय झालं होतं ते सांगा. मळ निघून गेल्यावरही कमी ऐकू येत असेल तर तिथेच श्रवण तपासणी करून घ्या, कारण मळामागे झाकली गेलेली दुसरी अडचण तेव्हाच दिसते.